आयातशुल्क आणि आयात कोटा : तुरीचे उदाहरण

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात तूर विकणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अशी मर्यादा आणि तेवढाच भाव चढवणारे शुल्क सारखेच; दोन्हींत ग्राहकाचा तोटाही तितकाच. फरक पडतो तो भावफरकाच्या पैशांत. समजा, बाहेरची तूर किलोला ६० रुपये आणि देशात ८०. तर २ लाख टनांवर ४०० कोटी रुपये उरतात. शुल्क असते तर ते सरकारी तिजोरीत गेले असते. कोट्याचे परवाने फुकट वाटले की हे पैसे परवानाधारक डाळ गिरण्यांकडे जातात. लिलाव केला तरच सरकारकडे वळतात. कोट्याचे वाटप निर्यातदार देशाच्या हाती असेल, तर हा पैसा देशाबाहेरच जातो.