नोटिशीचे उत्तर: एका पत्रावरील भाष्य

पुढील पत्र नमुन्याचे आहे. कपाटे बनवणाऱ्या कारखानदाराने नाराज ग्राहकाच्या वकिलांना ते लिहिले आहे. मागणी अशी: पूर्ण रक्कम परत, मनस्तापाचे २ लाख आणि नोटिशीचा खर्च ११,०००, मुदत १५ दिवस.

«आपली ३ जूनची नोटीस मला ७ जूनला मिळाली. तिला हे उत्तर.»

उत्तर वकिलांच्या नावे आहे, कारण नोटीस त्यांच्याकडून आली. मिळाल्याची तारीख लिहिली आणि पाकीटही जपून ठेवले. १५ दिवसांची मुदत वकिलांनी घातलेली आहे, कायद्याने नव्हे. ती उलटली म्हणून कोणी हरत नाही. तरीही मुदतीत उत्तर द्यावे, कारण पुढे ‘नोटिशीला उत्तरसुद्धा दिले नाही’ हे वाक्य तक्रारीत हमखास येते. ग्राहक आयोगाची नोटीस आली तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे लेखी म्हणणे ३० दिवसांत द्यावे लागते, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे वाढ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली सांगितले आहे.

«ऑर्डर ९ फेब्रुवारीची. ठरलेली किंमत ८६,००० रुपये. पैकी ८१,००० मिळाले, ५,००० येणे आहे. काम २ एप्रिलला पूर्ण झाले.»

जे निर्विवाद आहे ते आधीच मान्य केले, त्यामुळे पुढच्या नकाराला वजन येते. बाकी रकमेचा उल्लेख आहे, तगादा नाही. तो इथे घातला असता तर पत्र वसुलीचे झाले असते.

«दोन दारे उतरल्याची तक्रार २० एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती, हे खरे आहे. बिजागऱ्या विनामूल्य बदलून देण्यास मी तेव्हाही तयार होतो, आजही आहे.»

कबुली आहे ती फक्त बिजागऱ्यांपुरती. ‘काम नीट झाले नाही’ असे लिहिले असते तर सगळे कपाट त्यात गेले असते. मेसेज ग्राहकाच्या फोनवर आहे, तेव्हा तो नाकारण्यात अर्थ नव्हता. ‘तेव्हाही तयार होतो’ हे शब्द मात्र त्या दिवशीचा आपला मेसेज उघडून पाहूनच लिहावेत.

«खालची फळी निकृष्ट प्लायवूडमुळे फुगली, हे मला मान्य नाही. आपल्याच फोटोंत फुगवटा फक्त बाथरूमच्या भिंतीकडील बाजूला आहे. कोटेशनमध्ये एमआर ग्रेड स्पष्ट लिहिलेली आहे.»

पत्राचा कणा हाच आहे. नुसते ‘मान्य नाही’ न म्हणता कारण दिले, आणि तेही समोरच्याच फोटोंतून. प्लायवूडच खराब असेल तर पापुद्रे कुठेही सुटू शकतात, कोरड्या बाजूलाही. ओल बाहेरून आली असेल तर फुगवटा भिंतीलगत खालून सुरू होतो आणि त्या भिंतीवर बहुधा रंगाचे पोपडे किंवा लोणा दिसतो. एमआर म्हणजे दमट हवेला टिकणारे. सतत पाणी झिरपत असेल तिथे ते पुरत नाही.

यावर ग्राहकाचे वकील विचारतील, ‘भिंत ओली होती तर जाणकार म्हणून तुम्ही सांगितले का नाही?’ हा प्रश्न खरा आहे. माप घेताना ओल दिसली असूनही कारखानदार गप्प राहिला असेल, तर हा परिच्छेद त्याला वाचवणार नाही आणि त्या फळीपुरती तडजोड करणेच शहाणपणाचे. ओल नंतर आली असेल तर तसे लिहावे आणि माप घेतानाचे फोटो असतील तर जोडावेत.

«२० ते २४ जूनमध्ये आपण कळवाल त्या वेळी मी पाहणीसाठी येईन. तोवर फळी काढू नये. बिजागऱ्यांचा व पाहणीचा हा प्रस्ताव वाद मिटवण्यासाठी आहे. तो दायित्वाची कबुली समजू नये.»

तारखा दिल्यामुळे तयारी कागदावर आली. फळी जागेवर राहावी हा आग्रह महत्त्वाचा: दोष नुसत्या नजरेने ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो, आणि फळीच नसेल तर तपासायचे काय? शेवटच्या ओळीने प्रस्तावाला संरक्षण मिळते. वर मान्य केलेल्या तारखा आणि रकमा मात्र तिने मागे घेता येत नाहीत.

«पूर्ण रक्कम परत, २ लाख व नोटिशीचा खर्च या मागण्या मान्य नाहीत. वर स्पष्टपणे मान्य केलेले सोडून नोटिशीतील इतर सर्व विधाने नाकबूल आहेत.»

अब्रुनुकसानीची उलट धमकी नाही, ग्राहकाच्या स्वभावावर शेरा नाही. दुसरे वाक्य वकिली साच्यातले असले तरी हवेच: ज्या आरोपाला हात लावला नाही तो मान्य केला, असा अर्थ त्यामुळे निघत नाही.

सही करण्याआधी हे पत्र तासाभरासाठी का होईना, वकिलाला दाखवावे. मग स्पीड पोस्टाने पाठवून डिलिव्हरीचा पुरावा काढावा आणि कोटेशन, बिल, मेसेज यांच्यासह एका फायलीत ठेवावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत ग्राहकाला आयोगाकडे जाता येते, तेही तो राहतो त्या जिल्ह्यात. उशिराचे सबळ कारण दाखवले तर त्यानंतरही.