तळटीप : क्षारसेतू काढल्यावर व्होल्टमीटर काय दाखवतो

* चऱ्होलीच्या शाळेतल्या जस्त-तांबे घटाच्या प्रयोगात ‘पूल काढताच व्होल्टेज नाहीसे झाले’ असे लेखक म्हणतात. काट्याच्या मीटरवर तसेच दिसणार. जस्ताच्या चंचूत धन आयन वाढतात, तांब्याच्या चंचूत सल्फेट उरते. क्षारसेतूतले क्लोराइड जस्ताकडे आणि पोटॅशियम तांब्याकडे सरकून हा असमतोल मिटवतात. सेतू काढला की नगण्य प्रभार साठताच इलेक्ट्रॉन थबकतात. काट्याला लागणारा प्रवाहच मिळत नाही. डिजिटल मल्टिमीटर मात्र फसवतो. त्याचा रोध साधारण १० मेगाओहम असल्यामुळे त्यावर भरकटते आकडे दिसतात, वायरजवळ हात नेला तरी बदलतात. खात्रीसाठी मीटरला समांतर १०० किलोओहमचा रोध जोडावा : सेतू असेल तर १.१ व्होल्टच्या आसपासचे वाचन टिकते, नसेल तर शून्यावर कोसळते.

सेतूत पोटॅशियम क्लोराइडच का? त्याचे दोन्ही आयन जवळपास सारख्या वेगाने चालतात. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल तेवढ्याच तीव्रतेच्या पोटॅशियम क्लोराइडला थेट भिडवले, तर चपळ हायड्रोजन पुढे पळतो आणि द्रवसंधीवर सुमारे २७ मिलिव्होल्ट उभे राहतात. संपृक्त द्रावण वापरल्यास मोजकेच मिलिव्होल्ट उरतात. चाकण पट्ट्यातल्या प्लेटिंगवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. सांडपाण्याच्या टाकीतल्या पीएच प्रोबची सच्छिद्र संधी गाळाने बुजली की वाचन सरकत राहते, आणि २७ मिलिव्होल्टची चूक म्हणजे जवळजवळ अर्धा पीएच. — संपादक