शब्द कुठे तुटतो? मोडी कागदातील एक तारीख आणि दहा वर्षांची चूक

मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढत असे आणि मग त्या रेघेला अक्षरे टांगत असे. ओळ संपेपर्यंत अक्षरांची साखळी सहसा तुटत नसे. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. शब्द कुठे संपला हे लिहिणारा सांगत नसे, वाचणाऱ्याने ओळखायचे असे. सरावलेल्या वाचकाला याची अडचण नव्हती. अडचण आज अभिलेखागारात बसलेल्या नवख्या वाचकाला होते, आणि ती सर्वाधिक जाणवते ती तारखेपाशी.

पेशवाईतील पत्रांवर पुष्कळदा शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नव्हे, तर अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. समजा, एका कागदावर ‘अशरीनमयावअलफ’ अशी सलग अक्षरे आहेत. ती अशी तोडायची: अशरीन, मया, व, अलफ. अशरीन म्हणजे वीस, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११२०. शुहूर वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या आरंभी सुरू होते. म्हणून जून ते डिसेंबरच्या पत्रासाठी ५९९ आणि जानेवारी ते मेच्या पत्रासाठी ६०० मिळवायचे. पत्र एप्रिल-मेमधले असेल, तर ते १७२० चे ठरते. त्याच एप्रिलमध्ये बाजीरावाला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली.

आता हाच शब्द चुकीच्या ठिकाणी तोडून पाहू. अरबीत ‘अशर’ हाही एक पूर्ण शब्द आहे आणि त्याचा अर्थ दहा. वाचकाने तेथेच थांबून उरलेले ‘ईन’ अस्पष्ट अक्षर म्हणून सोडून दिले, तर सन १११० होतो आणि पत्र १७१० मध्ये जाऊन पडते. तेव्हा बाजीराव तर सोडाच, त्याचे वडील बाळाजी विश्वनाथही पेशवे झाले नव्हते. त्यांना ते पद १७१३ मध्ये मिळाले. खमस आणि खमसैन या जोडीतही हाच सापळा आहे: पहिला पाच, दुसरा पन्नास.

चूक ओळखायची कशी? पहिली खूण उरलेल्या तुकड्याची. शब्द बरोबर तोडला, तर मागे निरर्थक अक्षरे उरत नाहीत. ‘ईन’ उरले, याचा अर्थ काप चुकला. दुसरी खूण मजकुरातील माणसांची. १७१० च्या पत्रात ‘बाजीराव पंडित प्रधान’ भेटले, तर शंका मजकुरावर नव्हे, आपल्या वाचनावर घ्यावी. मात्र ज्या पत्रात ओळखीचे एकही नाव नाही, तेथे ही दुसरी खूण उपयोगी पडत नाही, आणि असे कागद थोडे नाहीत.

त्या तारखेतील ‘व’ची गोष्टही गमतीची आहे. अरबी लेखनात हा ‘व’ पुढच्या शब्दाला चिकटूनच येतो. मोडीत सगळेच चिकटलेले. छापील मराठीत मात्र तो सुटा झाला आणि आज आपण ‘राम व श्याम’ लिहितो तेव्हा तो अरबीतून, फारसीच्या वाटेने आला आहे हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. ‘बिलकूल’चा प्रवास नेमका उलटा. मूळ अरबीत तेथे ‘बि’, ‘अल’ आणि ‘कुल्ल’ असे तीन घटक आहेत. मराठीने ते एकच शब्द म्हणून उचलले.

कधी कधी जोड इतकी घट्ट बसते की सांधाच दिसेनासा होतो. वणी, राजूर ज्या जिल्ह्यात येतात त्या यवतमाळचे नाव ऐकले की ‘माळ’ म्हणजे माळरान असे सहज वाटते. जुने गॅझेटियर मात्र गावाचे मूळ नाव ‘येवत’ असे देते आणि ‘माळ’ हा ‘महाल’ या महसुली शब्दाचा अपभ्रंश मानते. ‘ऐन-इ-अकबरी’त हेच ठिकाण शेजारच्या लोहारा गावासह ‘योत-लोहारा’ या नावाने येते.

छपाईने शब्दांमध्ये मोकळी जागा आणली आणि प्रश्न उलटा झाला: आता जिथे नको तिथे जागा पडते. इंग्रजीत ‘एव्हरीडे’ जोडून लिहिले तर ‘रोजचा’ आणि तोडून लिहिले तर ‘दररोज’. मराठीत ‘घरा वर’ असे तोडता येत नाही, कारण ‘घरा’ हे सामान्यरूप आहे आणि येथे ते एकटे उभे राहत नाही. ‘त्यासाठी’ आणि ‘त्या वेळी’ यांत मात्र पहिला शब्द पाहून भागत नाही, कारण ‘त्या’ सुटाही चालतो. तेथे दुसरा शब्द पाहावा. ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून जोडायचे. ‘वेळी’ हे स्वतंत्र नाम आहे, म्हणून सुटे ठेवायचे. मोबाइलचा कळफलक सुचवलेल्या प्रत्येक शब्दानंतर आपणहून जागा सोडतो. ‘घरा’ आणि ‘वर’ यांच्यामधली जागा पुष्कळदा तेथूनच येते.