नॉन-क्रीमी लेयर : शेती आणि पगार धरायचा की नाही?

३१ मार्च उलटला की तालुक्याच्या सेतू केंद्रात नॉन-क्रीमी लेयरसाठी गर्दी होते. जातीचा दाखला एकदाच काढायचा असतो, पण नॉन-क्रीमी लेयरला मुदत असते. ती दाखल्यावरच छापलेली असते, आधी तीच बघावी. तहसीलदारांचा एकाच वर्षाचा उत्पन्न दाखला जोडला तर दाखलाही वर्षभराचाच मिळतो अन् पुढच्या साली पुन्हा चक्कर. तीन वर्षांचं उत्पन्न जोडलं, तर तीन वर्षांपर्यंतचा मिळू शकतो.

खरा घोळ उत्पन्नाच्या आकड्यात होतो. मर्यादा आहे ८ लाख. पण त्यात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, सरकारी नोकराचा पगारही धरत नाहीत.

समजा, वडील जिल्हा परिषदेत लिपिक, म्हणजे वर्ग ३. पगार वर्षाला ६ लाख, शेतीतून २ लाख, गाळ्याचं भाडं १ लाख २० हजार. बेरीज ९ लाख २० हजार होते आणि घरचे घाबरून अर्जच करत नाहीत. प्रत्यक्षात मोजायचं ते भाडं, १ लाख २० हजार. मुलगा अर्जासाठी पात्र आहे. दुकान, धंदा असला तर त्याची कमाईही भाड्यासारखीच मोजली जाते. उत्पन्न आई-वडिलांचं बघतात, मुलाची स्वतःची कमाई नाही.

म्हणून तलाठ्याच्या अहवालात एकच गोळाबेरीज लिहून घेऊ नये. शेती, पगार आणि इतर उत्पन्न वेगवेगळं लिहिलेलं असावं. सोबत सातबारा आणि फॉर्म १६ ठेवावा. दाखला प्रांत कार्यालयातून निघतो, तिथे हे वेगळे आकडेच बघायला मागतात. वडील वर्ग १ अधिकारी म्हणून थेट भरती झालेले असतील, तर मात्र उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही.