न्यूट्रिशन कोचचे प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत आहारतज्ज्ञ : सल्ल्याची कायदेशीर सीमा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे 26.4 टक्के, आढळले. साहजिकच आहाराविषयी सल्ला देणाऱ्यांची मागणीही येथे मोठी आहे. व्यायामशाळांत, समाजमाध्यमांवर आणि पूरक आहाराच्या दुकानांत असा सल्ला देणारे अनेक जण भेटतात. मराठीत या सर्वांना सरसकट ‘आहारतज्ज्ञ’ म्हटले जाते. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या पात्रतेची माणसे येतात.

दोन पात्रतांतील अंतर

‘न्यूट्रिशन कोच’चे प्रमाणपत्र खासगी संस्था देतात. अभ्यासक्रम काही आठवड्यांचा किंवा काही महिन्यांचा, बहुधा ऑनलाइन असतो. त्यात कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, उष्मांकांचे गणित आणि सवयी बदलण्याची तंत्रे शिकवली जातात. निरोगी माणसाला मदत करण्यासाठी हे ज्ञान उपयोगी आहे. मात्र रुग्णालयात रुग्णांसमवेत करावयाचे प्रशिक्षण त्यात सहसा नसते.

‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ म्हणजेच ‘आरडी’ ही पात्रता 1963 साली स्थापन झालेल्या इंडियन डायटेटिक असोसिएशनची आहे. आहारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण झाल्यावरच या परीक्षेला बसता येते. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, यकृताचा आजार, शस्त्रक्रियेनंतरचा आहार अशा विषयांत उमेदवाराची तयारी तपासली जाते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. ‘आरडी’ ही व्यावसायिक संघटनेने दिलेली मान्यता आहे. डॉक्टरांच्या नोंदणीसारखी ती संसदेच्या कायद्यातून आलेली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी 2021 साली राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आला. त्याच्या अनुसूचीत ‘पोषणशास्त्र व्यावसायिक’ असा स्वतंत्र वर्ग असून त्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट या दोन्हींचा समावेश आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी किमान 3600 तासांचे, तीन ते सहा वर्षांत विभागलेले पदवी शिक्षण या कायद्याला अपेक्षित आहे. राज्य परिषदा आणि नोंदवह्या यांची उभारणी टप्प्याटप्प्याने होत आहे. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्राने ही अट पूर्ण होण्याची शक्यता नाही.

प्रमाणपत्रधारकाने काय सांगावे?

प्रमाणपत्र हा अभ्यास केल्याचा पुरावा आहे, व्यवसायाचा परवाना नव्हे. त्याने नवा अधिकार मिळत नाही. तसेच निरोगी माणसाला सर्वसाधारण माहिती देण्याची मुभा त्यामुळे जातही नाही. थाळीत भाज्यांचे प्रमाण वाढवावे, साखर आणि मीठ कमी करावे, तेल मोजून वापरावे, व्यायाम करणाऱ्याने प्रथिने कोणत्या पदार्थांतून मिळवावीत, बाजारातून काय आणावे, खाण्याची नोंद कशी ठेवावी, हे सारे या मुभेत बसते.

आजाराचे निदान करणे, आजारावर उपचार म्हणून आहार ठरवून देणे, रक्ततपासणीचा अहवाल पाहून औषध कमी-जास्त करायला सांगणे, ही मात्र सीमेपलीकडची कामे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 34 नुसार नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

जाहिरातींनाही बंधने आहेत. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब यांसारखे विकार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास 1954 च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. एखादी पूरक भुकटी ‘मधुमेह घालवते’ म्हणून विकली, तर तीही औषधाच्या व्याख्येत येऊ शकते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या ऑगस्ट 2023 मधील मार्गदर्शक सूचनांनुसार, आरोग्यविषयक दावे करणाऱ्या तज्ज्ञाने समाजमाध्यमांवर आपली पात्रता उघड करावी आणि इतरांनी आपला मजकूर वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नसल्याचे स्पष्ट सांगावे, असे अपेक्षित आहे.

एक उदाहरण

ही सीमा का आखावी लागते, हे एका कल्पित उदाहरणातून पाहू. फोंड्यातील 52 वर्षांचे एक गृहस्थ सकाळी ग्लिमेपिराइड आणि जोडीला डॅपाग्लिफ्लोझिन घेतात. वजन घटवण्यासाठी ते व्यायामशाळेतील कोचकडे जातात. कोच त्यांना न्याहारी बंद करून दिवसभरात 30 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेण्याचा तक्ता देतो. दीडशे ग्रॅम शिजवलेल्या भातातच सुमारे 40 ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे दुपारची शितकडी जवळजवळ बंद झाली. निरोगी तरुणाला असा तक्ता कदाचित सोसला असता.

या गृहस्थांच्या बाबतीत दोन धोके संभवतात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, माणूस जेवला की नाही हे ते पाहत नाही. न्याहारी नसताना रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हात थरथरणे, घाम, धडधड, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. डॅपाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यात कर्बोदके फार घटली, तर शरीर चरबी जाळून रक्तात आम्लधर्मी कीटोन साठवू लागते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास सुरू होतो. पण घरच्या यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. त्यामुळे घरचे लोक निर्धास्त राहतात. हा तातडीने इस्पितळ गाठण्याचा प्रसंग आहे.

हेच गृहस्थ आहारतज्ज्ञाकडे गेले असते, तर पहिला प्रश्न औषधांविषयी झाला असता. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि क्रिएटिनिन यांचे अहवाल पाहून तिने भात बंद न करता त्याचे माप ठरवले असते, तीन जेवणांत कर्बोदके सारखी वाटली असती आणि आहार बदलतो आहे हे डॉक्टरांना कळवले असते. औषधाची मात्रा आहारतज्ज्ञही बदलत नाही. तो अधिकार डॉक्टरांचाच. कोचने योग्य वागायचे, तर औषधांची नावे कानी पडताच ‘आधी डॉक्टरांना विचारा’ एवढेच सांगून तक्ता थांबवायचा.

ग्राहकाने काय तपासावे?

सल्ला घेण्यापूर्वी पदवी कोणती, कोणत्या विद्यापीठाची आणि ‘आरडी’ असल्यास नोंदणी क्रमांक कोणता, हे लेखी मागावे. पहिल्या भेटीत आजार आणि औषधे न विचारता तक्ता हाती देणारा, औषध सोडायला सांगणारा, किंवा सल्ल्यासोबत डबा विकणारा माणूस टाळावा. पैसे देऊन घेतलेला सल्ला ही ग्राहक संरक्षण कायद्याखालील सेवा आहे. म्हणून पावती, तक्ता आणि संदेश जपून ठेवावेत. अपाय झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगापुढे तेच पुरावे ठरतात.