'जातो' की 'जाते', 'ये' की 'या'? : धम्माच्या मराठी अनुवादात लपलेली जात आणि लिंग

14 ऑक्टोबर 1956. नागपूर. भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेब आणि माईसाहेब तिसरण घेतात. पती आणि पत्नी, दोघांच्याही तोंडी एकच क्रियापद आहे: गच्छामि. पालीतला हा 'मि' एवढेच सांगतो की बोलणारी व्यक्ती एक आहे आणि ती स्वतःबद्दल बोलते आहे. ती स्त्री आहे की पुरुष, हे तो सांगत नाही. त्या क्षणी बुद्धाला शरण जाणाऱ्या स्त्री-पुरुषांत व्याकरणाने कसलीही भिंत घातली नव्हती.

आता याच शब्दाचा मराठी अर्थ लिहा. बाबासाहेबांसाठी 'शरण जातो', माईसाहेबांसाठी 'शरण जाते'. पालीने जे मोकळे ठेवले होते, ते मराठीत लिहिणाऱ्याला ठरवावेच लागते. न ठरवता वाक्यच पुरे होत नाही. आमचे म्हणणे इथूनच सुरू होते. मूळ भाषा जिथे गप्प असते तिथे मराठी अनुवादक बोलतो, आणि तो काय बोलतो हे बहुतेक वेळा त्याच्या कानावर झालेले संस्कार ठरवतात. ते संस्कार जातीचे आणि पुरुषसत्तेचे असतील, तर ते धम्माच्या नावाने आपल्या वंदनेच्या पुस्तकात येऊन बसतात.

आधी लिंगाचा प्रश्न पाहू.

बुद्धवंदनेच्या छोट्या पुस्तिका घराघरांत असतात. डावीकडे पाली, उजवीकडे मराठी अर्थ. 'समादियामि'चा अर्थ 'ग्रहण करतो' असा छापला, की विहारात बसलेल्या बायका एक तर पुरुषाचे क्रियापद म्हणतात किंवा वाचता वाचता मनातल्या मनात दुरुस्ती करतात. यात पालीचा काही दोष नाही. मराठीचा वर्तमानकाळ मुळात धातुसाधित विशेषणापासून आला आहे. विशेषण लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून 'करतो-करते' हा भेद आला. पण मराठीची सगळीच रूपे अशी नाहीत. 'करीन' स्त्रीही म्हणते आणि पुरुषही. 'करणार नाही'चेही तसेच. 'आम्ही करतो' यातही भेद नाही. आणि सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ तर बोलणाऱ्याकडे पाहतच नाही. 'मी धम्म स्वीकारला' यातले 'स्वीकारला' धम्माप्रमाणे चालते, स्वीकारणाऱ्याप्रमाणे नाही. 'मी बौद्ध झालो' म्हटले की मात्र भेद परत येतो, कारण तिथे कर्म नाही.

हे ध्यानात ठेवून बावीस प्रतिज्ञा वाचा. त्या अनुवाद नाहीत, बाबासाहेबांनी त्या मराठीतूनच दिल्या. नाकारण्याच्या प्रतिज्ञा 'मानणार नाही', 'करणार नाही' अशा रूपात आहेत. आचरणाच्या प्रतिज्ञा बहुतांशी 'करीन' या रूपात आहेत. म्हणजे बहुतेक प्रतिज्ञा आपली आजी आणि आपले आजोबा एकही अक्षर न बदलता म्हणू शकत होते. मोजक्या ठिकाणी 'मानतो' आणि 'करतो' येते. सगळी माणसे समान आहेत असे मानण्याची नववी प्रतिज्ञा त्यांतलीच एक आहे. समतेच्या प्रतिज्ञेतच पुरुषाचे रूप, असे कुणाला खटकेल. पण त्या काळच्या छापील मराठीत सर्वांसाठी पुल्लिंगी रूप वापरण्याची रीतच होती. शिवाय बोलीत तर 'मी आलो', 'मी जातो' असे म्हणणाऱ्या बायका कोल्हापूरकडे आजही भेटतात. प्रत्येक 'मानतो'मध्ये पुरुषी अहंकार शोधण्याचे कारण नाही.

मग करायचे काय? ऐतिहासिक मजकूर आहे तसा छापावा आणि म्हणताना प्रत्येकीने 'मानते' म्हणावे. प्रतिज्ञा प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने घ्यायची असते, त्यामुळे यात मजकुराशी बेइमानी होत नाही. पण पालीचा मराठी अर्थ हा आपणच केलेला अनुवाद आहे, त्याला ही मर्यादा नाही. तिथे 'जातो/जाते' अशी दोन्ही रूपे छापावीत. सगळीकडे 'आम्ही' लिहून सुटका करून घेणे बरोबर नाही, कारण शील एकेकट्याने घ्यायचे असते आणि पालीतले रूपही एकवचनी आहे.

लिंग लपवणे नेहमीच योग्य असते असेही नाही. थेरीगाथेत मुक्त झालेली भिक्खुणी स्वतःला 'मुत्ता' म्हणते, तेव्हा ते पालीतले स्त्रीलिंगी रूप असते. तिथे 'मी मुक्त आहे' असा सपाट अनुवाद केला तर बाईचा आवाज पुसला जातो. 'मी मुक्त झाले' असेच हवे. इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्याची गफलत नेमकी इथे होते, कारण इंग्रजीत ते स्त्रीलिंग आधीच गळून पडलेले असते. म्हणून प्रत्येक वेळी मूळ पाली रूप उघडून पाहणे ही अनुवादकाची पहिली पायरी आहे.

आता मानाचा प्रश्न. हा आपल्या लोकांना जास्त झोंबणारा आहे.

गावगाड्यात पाटलाचे शेंबडे पोर आपल्या म्हाताऱ्या आजोबांना 'ए, इकडे ये' म्हणायचे आणि आजोबांनी त्या पोराला 'अहो-जाहो' करायचे. 'तू' हा शब्द वाईट नाही. आपण आईला 'तू' म्हणतो, भीमगीतांत बाबासाहेबांनाही 'तू' म्हणतो. अपमान असतो तो एकतर्फीपणात. एकाने 'तू' म्हणायचे आणि दुसऱ्याला उलट 'तू' म्हणण्याची मुभा नसायची, तिथे जात असते.

पालीत मान दाखवण्याची रीत वेगळी आहे. तिथे मान मुख्यतः संबोधनात असतो: भन्ते, आवुसो, महाराज. क्रियापद बहुधा तेच राहते. भगवान बुद्ध राजा अजातशत्रूला 'तुला काय वाटते' या अर्थी 'मञ्ञसि' असे विचारतात आणि राहुल या आपल्या लहानग्या मुलालाही 'मञ्ञसि' असेच विचारतात. राजाला 'महाराज' म्हटले, मान तिथे पोचला. मराठीत मात्र 'महाराज, तुला काय वाटते?' विचित्र वाटेल आणि 'राहुल, तुम्हाला काय वाटते?' हेही जमणार नाही. म्हणून राजाला 'तुम्हाला' आणि मुलाला 'तुला' लिहावे लागते. यात काही गैर नाही, बाप-लेकाचे नाते मराठीत तसेच बोलते.

गैर कधी होते ते पाहा. बुद्धांनी संघात घेताना वापरलेले शब्द आहेत 'एहि भिक्खु'. एकवचन. अनेकांना बोलवायचे असेल तर 'एथ'. हेच 'एहि' वयाने मोठ्या, ब्राह्मण कुळातल्या कोण्डञ्ञाला आहे. धनाढ्य श्रेष्ठीचा मुलगा यश यालाही आहे. आणि वाळलेली फुले, केरकचरा उचलून पोट भरणाऱ्या सुनीतालाही तेच आहे. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये यशाचे आणि सुनीताचे धर्मांतर वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितले आहे. आता समजा अनुवादकाने यशाला 'या, भिक्खू' लिहिले आणि सुनीताला 'ये, भिक्खू'. निवेदनात 'यश आले' आणि 'सुनीत आला' लिहिले. वाक्ये कानाला खटकणार नाहीत आणि व्याकरणही बिनचूक असेल. पण बुद्धांच्या तोंडी जात घातली गेली. ती पालीत नव्हती, बाबासाहेबांच्या इंग्रजीतही नव्हती. ती गावगाड्यातून आली.

ही चूक एकेक पान वाचून सापडत नाही, कारण प्रत्येक पान आपापल्या जागी बरोबरच वाटते. ती शोधायची तर दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावे लागतात. नाते तेच, मूळ शब्द तोच, मग मराठी रूप बदलले का? बदलले असेल तर कारण दाखवा. 'ये' लिहायचे तर तिघांनाही 'ये' लिहा, त्यात गुरूची माया आहे. 'या' लिहायचे तर तिघांनाही 'या' लिहा. दीक्षेआधी 'आला' आणि दीक्षेनंतर 'आले' लिहायचे असेल, तर यशालाही तोच नियम लावा.

तरीही मराठीचा हा स्वभाव केवळ अडचणीचा नाही. उपालीची गोष्ट घ्या. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य कुमार संघात जायला निघतात तेव्हा अंगावरचे दागिने काढून उपालीला देतात आणि परत जायला सांगतात. मराठीत हे 'हे घे आणि परत जा' असेच येईल, आणि उपाली त्यांना 'आपण' म्हणेल. नोकर आणि मालकांचे ते नाते आहे, ते तसेच दिसू द्यावे. पुढे कुमार स्वतःच बुद्धांना विनंती करतात की उपालीला आमच्याआधी दीक्षा द्या, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. बुद्ध तसेच करतात. संघात ज्येष्ठपणा दीक्षेच्या क्रमाने ठरतो, कुळाने नाही.

इथे मराठी अनुवादकाच्या हातात इंग्रजी अनुवादकाकडे नसलेले साधन आहे. इंग्रजीत आधी आणि नंतर एकच सर्वनाम राहते. मराठीत कुमारांच्या तोंडचे 'तू' गळून पडू शकते. काल ज्याला 'परत जा' म्हटले, त्याला आज 'बसा' म्हणावे लागते. क्रांती घडली हे क्रियापदातच दिसते. दीक्षेनंतरही अनुवादकाने कुमारांच्या तोंडी 'उपाली, तू' ठेवले, तर पाली कथेत पालटलेले नाते मराठीत पालटतच नाही.

बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या इंग्रजी नावातल्या 'हिज' या शब्दाला मान-अपमान काहीच नाही. मराठीत 'त्याचा' किंवा 'त्यांचा' यांतले एक निवडावे लागते, आणि आपण 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' म्हणतो. तो मान योग्यच आहे. मग 'त्यांचा'मधला हा अनुस्वार त्याच ग्रंथातल्या सुनीताला आणि उपालीला मिळाला का, हे पाहणे आपलेच काम आहे. पुढच्या वर्षावासात ग्रंथवाचन होईल तेव्हा पेन्सिल हातात घेऊन बसा. यशाचे प्रकरण आणि सुनीताचे प्रकरण शेजारी ठेवा, आणि फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा.

जय भीम.