साधार की सप्रमाण? गेटियरच्या तीन पानांचं मराठी

आजचा विषय तीन पानांचा आहे. एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाचा निबंध जून 1963 मध्ये ‘ॲनॅलिसिस’ या नियतकालिकात आला. ज्ञानाची व्याख्या तीन अटींनी करण्याची एक पद्धत होती. क या माणसाला प हे विधान माहीत आहे असं कधी म्हणायचं? प सत्य असेल, क ते मानत असेल आणि तसं मानायला त्याच्याकडे योग्य आधार असेल तेव्हा. गेटियरने दोन उदाहरणं देऊन दाखवलं की तिन्ही अटी पुऱ्या होऊनही ज्ञान नसू शकतं. पदवीच्या विद्यार्थ्यांना मूळ लेखातून शिकवायचं तर यापेक्षा सोयीचा लेख नाही. पण मराठीत सारांश लिहायला बसलं की पहिल्याच ओळीला अडायला होतं.

तिसरी अट सांगणारा जो इंग्रजी शब्द आहे, ‘जस्टिफाइड’, त्याला मराठी काय? महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 साली भाषा संचालनालय निघालं, त्याने परिभाषा कोश केले. 1974 मध्ये दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड आले. मराठीतून तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांच्या हाताशी तेव्हापासून शब्द आहेत. तरी कोश एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवतो. तो शब्द अमुक लेखाच्या युक्तिवादात उभा राहील का, हे लेख वाचूनच ठरवावं लागतं.

‘समर्थित’ घ्यावं, तर मराठीत समर्थन पक्षाचं करतात, नेत्याचं करतात. ‘न्याय्य’मध्ये नीती शिरते. मग बहुतेकांची लेखणी ‘सप्रमाण’कडे वळते. शब्द भारदस्त आहे, आपल्या परंपरेतला आहे. आणि नेमका तोच इथे घात करतो.

कसा ते बघा. उदाहरणांकडे जाण्याआधी गेटियर दोन गोष्टी गृहीत धरतो. पहिली अशी, की तिसरी अट पुरी होऊनही मानलेली गोष्ट खोटी असू शकते. आता न्यायदर्शनात प्रमाण म्हणजे प्रमेचं साधन आणि प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव. प्रमाणातून खोटं निघालं असं म्हणणं म्हणजे ते प्रमाण नव्हतंच असं म्हणणं. रोजच्या मराठीतही ‘सप्रमाण सिद्ध केलं’ म्हटल्यावर ती गोष्ट खोटी ठरायला जागा उरत नाही. म्हणजे ‘सप्रमाण’ शब्द वापरला की गेटियरचं पहिलंच वाक्य वदतोव्याघात होतं, आणि हुशार विद्यार्थी विचारतो, “सर, प्रमाण असताना खोटं कसं?” प्रश्न बरोबर आहे. पण तो गेटियरला विचारलेला नाही, भाषांतरकाराला विचारलेला आहे.

म्हणून मी ‘साधार’ हा शब्द सुचवतो. आधार भक्कम असूनही वर उभी केलेली गोष्ट चुकीची निघू शकते, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय ‘निराधार’ हा विरुद्धार्थी शब्द आयता मिळतो. ‘निराधार आरोप’ सगळ्यांना कळतो. (निराधार म्हटल्यावर एखाद्याला सरकारी अनुदान योजना आठवेल; आठवू द्या.) अडचण एकच. त्याचं भाववाचक नाम नीट होत नाही, ‘साधारता’ कानाला खटकते. तिथे सरळ ‘आधार’ म्हणावं.

आता ज्ञान. तर्कसंग्रहासारख्या ग्रंथात ज्ञान म्हणजे बुद्धी, म्हणजे कोणतंही भान. ते अयथार्थही असू शकतं. आजच्या मराठीत मात्र खोट्या गोष्टीचं ‘ज्ञान’ होतं असं आपण म्हणत नाही. ज्या वर्गात एक तास भारतीय दर्शनांचा आणि पुढचा पाश्चात्त्यांचा असतो, तिथे हा एकच शब्द दोन तासांत दोन अर्थांनी येतो आणि कुणी ते सांगत नाही. माझा उपाय असा: क्रियापद येईल तिथे ‘माहीत असणे’ वापरायचं. ‘त्याला माहीत होतं’ म्हटलं की गोष्ट खरी असणं त्यात आलंच. फक्त ‘माहिती’ म्हणायचं नाही, कारण माहिती चुकीची असते, रोज पाहतो आपण. आणि नाम लागेल तिथे ‘ज्ञान’, पण सारांशाच्या तळाशी एक ओळ टाकून, की इथे हा शब्द न्यायदर्शनातल्या अर्थाने नाही.

‘विश्वास’ आणि ‘श्रद्धा’ यांच्यापासून दूर राहावं. आपण विश्वास माणसावर ठेवतो; खिशात दहा नाणी आहेत यावर कोण ठेवतो? ‘समजूत’ म्हटलं की ती चुकीचीच असणार असा वास येतो. तेव्हा क्रियापद ‘मानणे’, नाम ‘धारणा’.

एका शब्दाला एकच शब्द, ही सुसंगतीची अर्धी बाजू झाली. मूळ लेखकाने वेगळे ठेवलेले शब्द वेगळेच राहिले पाहिजेत, ही दुसरी बाजू, आणि ती जास्त वेळा सुटते. गेटियर सुरुवातीला चिझम आणि एअर यांची मांडणी देतो. चिझम ‘पुरेसा पुरावा’ म्हणतो, एअर ‘खात्री बाळगण्याचा अधिकार’ म्हणतो. तिसरी अट कोणत्याही शब्दांत मांडा, व्याख्या पडतेच, हे गेटियरला म्हणायचंय. सारांशकाराने तिन्ही ठिकाणी ‘साधार’ लिहिलं तर तीन व्याख्यांची एक होते आणि युक्तिवादाचा आवाकाच नाहीसा होतो. म्हणून पुरावा हा पुरावा, आधार हा आधार.

आता पहिलं उदाहरण मराठीत लिहून पाहू.

“स्मिथ आणि जोन्स यांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केला आहे. नोकरी जोन्सला मिळेल असं कंपनीच्या अध्यक्षाने स्मिथला सांगितलं आहे, आणि जोन्सच्या खिशातली दहा नाणी स्मिथने दहा मिनिटांपूर्वी मोजली आहेत. यावरून स्मिथ निष्कर्ष काढतो: नोकरी मिळणाऱ्या माणसाच्या खिशात दहा नाणी आहेत. त्याची ही धारणा साधार आहे. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि योगायोगाने त्याच्याही खिशात दहा नाणी असतात, हे त्याला माहीत नसतं. निष्कर्ष सत्य आहे, स्मिथ तो मानतो, धारणा साधार आहे. तरीही स्मिथला तो माहीत होता असं म्हणता येत नाही.”

इथली मेख परिभाषेत नाही, सर्वनामात आहे. घाईत ‘म्हणून त्या माणसाच्या खिशात दहा नाणी आहेत’ असं लिहिलं, की ‘त्या’ने जोन्सकडे बोट दाखवलं. मग निष्कर्ष जोन्सबद्दलचा झाला आणि स्मिथच्या खिशातल्या नाण्यांनी तो सत्य होण्याचा प्रश्नच मिटला. उदाहरण मेलं. उत्तरपत्रिकेत ‘स्मिथची चूक झाली, कारण नोकरी जोन्सला मिळाली नाही’ असं वाचलं की समजावं, सारांशात कुठेतरी ‘त्या’ शिरलेला आहे. दुसऱ्या उदाहरणात, जोन्सची फोर्ड गाडी आणि बार्सिलोनातला ब्राऊन, तिथे ‘किंवा’ जपावं लागतं. ‘एकतर... नाहीतर’ लिहिलं की दोन्ही खरं असण्याची वाट बंद होते.

आता शेवटी श्रीहर्षाबद्दल, कारण तो प्रश्न दरवेळी येतो. बाराव्या शतकातल्या खंडनखंडखाद्यात असं उदाहरण आहेच, की एकाने बंद मुठीत किती कवड्या आहेत असं विचारलं, दुसऱ्याने पाच म्हणून ठोकून दिलं आणि ते बरोबर निघालं. लांबून दुसरंच काहीतरी धूर समजून अग्नीचं अनुमान केलं आणि तिथे खरोखरच अग्नी होता, असंही आहे. बिमल कृष्ण मतिलालांनी 1986 च्या त्यांच्या ग्रंथात ही तुलना मांडली आहे, ती वाचावी. पण कवड्यांचा अंदाज निराधार होता, स्मिथचा निष्कर्ष साधार होता. धुराचं उदाहरण गेटियरच्या जास्त जवळ जातं. हा फरक वर्गात दाखवायचा तर गेटियरच्या सारांशात आधीच ‘प्रमा’ आणि ‘प्रमाण’ पेरलेलं चालत नाही. दोन्ही परंपरा एकच म्हणतात का, हा प्रश्न आहे. शब्द तेच घेतले तर तो विचारताच येत नाही.